आवाजाचा सांधा

'हाफ टिकट' हा १९६२ सालचा चित्रपट. त्यात प्राण हिऱ्याचा तस्कर आहे, आणि त्यानं तो हिरा गुपचूप ज्याच्या खिशात सरकवलाय तो किशोरकुमार. पाठलाग चुकवायला किशोरकुमार बाईचा वेश घेतो आणि दोघांचं द्वंद्वगीत सुरू होतं, 'आके सीधी लगी'. पडद्यावर पुरुष प्राण, बाई किशोरकुमार. ध्वनिमुद्रिकेवर मात्र दोन्ही आवाज एकट्या किशोरकुमारचे. संगीतकार सलील चौधरींना बाईच्या ओळींसाठी लता मंगेशकर हव्या होत्या, त्या मिळू शकल्या नाहीत, तेव्हा 'दोन्ही मीच गातो' असं म्हणून किशोरकुमारनं गाणं अंगावर घेतलं, अशी हकिकत सांगतात.

गंमतगाणं म्हणून ते ऐकून सोडून देतात, याचं मला वाईट वाटतं. गळा ओळखायला शिकायचं असेल तर इतकं चांगलं गाणं हिंदी चित्रपटांत दुसरं नाही. एकच माणूस, एकाच चालीत, एकामागून एक दोन आवाज काढून दाखवतो आहे.

त्यातला बाईचा आवाज बाईचा नाही हे कानाला कशावरून कळतं? सुराच्या उंचीवरून नक्कीच नाही, कारण उंची बाईचीच आहे. कळतं ते स्वरांच्या घेरावरून. गळ्यातल्या पडद्यांपासून ओठांपर्यंतची पोकळी पुरुषात साधारण सतरा सेंटिमीटर असते, बाईत चौदा-पंधरा. सूर कितीही वर चढवला तरी ही पोकळी फारशी आखूड होत नाही, आणि आपल्या 'आ'ला, 'ए'ला जो रंग येतो तो या पोकळीच्या गुंजण्यातून. म्हणून सूर बाईचा आणि 'आ' मात्र मोठ्या देहातून निघालेला, असं काहीतरी न जुळणारं कानावर येतं. गाणारा कंठमणी वर ओढून आणि ओठ हसरे ताणून पोकळी थोडी आखूड करू शकतो. नकलाकार हेच करतात. पण शब्दांच्या गर्दीत ते सतत सांभाळणं अवघड असतं आणि मधूनच एखादा 'आ' मोकळा सुटतो. त्या 'आ'ची वाट पाहायची.

दुसरी खूण श्वासाची. आपल्याकडे ज्याला खोटा आवाज म्हणतात, त्यात गळ्यातले पडदे ताणून पातळ होतात, फक्त त्यांच्या कडा थरथरतात आणि दोन्हींमध्ये फट राहते. फटीतून हवा निसटते. त्यामुळे सूर गोड आणि पोकळ येतो, त्याला धार राहत नाही. छातीच्या आवाजात तेच पडदे जाड राहून पुरते मिटतात आणि सूर भरीव येतो. स्वतः करून पाहा: कंठमण्यावर दोन बोटं ठेवून 'आ' खालून वर सरकवत न्या. बऱ्याच पुरुषांचा आवाज एका ठिकाणी निसटतो, बोटांखालची थरथर विरते आणि सूर उडी मारून वर जातो. तोच आवाजाचा सांधा. गाण्याची तालीम म्हणजे बऱ्याच अंशी हा सांधा बुजवण्याची मेहनत. ख्यालगायक तार सप्तकात जाताना तो कुठे होता हे कळू नये, असं गुरूला वाटत असतं.

किशोरकुमारनं नेमकं उलट केलं. त्याला शास्त्रोक्त तालीम नव्हती, त्यामुळे सांधा बुजवायला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचे बंधू अनुपकुमार यांच्या संग्रहात परदेशी गायकांच्या तबकड्या होत्या, त्यात जिमी रॉजर्सच्याही होत्या. हा रॉजर्स अमेरिकेच्या दक्षिणेतला रेल्वे कामगार. १९२७ साली त्यानं आपलं पहिलं 'ब्लू योडेल' ध्वनिमुद्रित केलं आणि १९३३ साली क्षयानं तो गेला. आल्प्सच्या डोंगरांतली योडेलिंगची हाक त्यानं दुःखाच्या गाण्याच्या शेपटाला जोडली होती. ती खांडव्याच्या गांगुलींच्या घरातल्या मुलानं ऐकली आणि गळ्यात उतरवली.

योडेलिंग म्हणजे दुसरं काही नाही, तोच सांधा पुन्हा पुन्हा, मुद्दाम, झटक्यानं ओलांडायचा. त्यातही एक बारकावा आहे. खालचे सूर 'ओ' किंवा 'आ'वर ठेवायचे आणि वरचे 'ई' किंवा 'ऊ'वर. 'आ'ला जोर येतो तो मूळ सुराच्या वर उमटणाऱ्या उपसुरांमुळे, आणि तो भरणा छातीच्या आवाजात मुबलक असतो. खोट्या आवाजात उपसूर अशक्त, मूळ सूर मात्र ठळक, आणि 'ई'-'ऊ'ची गुंज त्या मूळ सुराच्या आसपासच असल्यामुळे तिथे आवाज उमलतो. स्वर उलटे लावून पाहिले तर उडी जमते, पण ती बोथट होते. म्हणून 'झुमरू'मधलं शीर्षकगीत ऐका की 'चला जाता हूँ' ऐका, वरच्या टोकाला त्याच्या तोंडी 'ई' आणि 'ऊ' यांचीच चलती आहे.

एवढ्यावरून 'योडेलिंग ऐकू आलं म्हणजे किशोर' असा हिशेब मांडला तर तो फसतो. खास लकब जितकी ठळक, तितकी ती उचलायला सोपी. अनुनासिकतेचं उदाहरण घ्या. सैगलचा आवाज नाकात गुंजे, आणि त्या गुंजेनं एक पिढी भारली होती. १९४५ साली 'पहली नज़र'साठी मुकेशनं गायलेलं 'दिल जलता है' सैगलचंच वाटावं इतकं त्या छायेत आहे. १९४८ सालच्या 'ज़िद्दी'त खुद्द किशोरकुमार देव आनंदसाठी गायला, तेही सैगलच्याच ढंगात. नाकातला सूर तिघांचा, माणसं तीन. शिवाय जुन्या तबकड्यांत आणि मध्यम लहरींच्या रेडिओत वरचे-खालचे सूर कापले जात, मधले तेवढे उरत, आणि कुणाचाही आवाज थोडा नाकातला होऊन बाहेर पडे. म्हणून नुसत्या नाकावर मी कधी नाव घेत नाही. त्यावरून फार तर कळतं की गाणारा कुणाच्या छायेत वाढला.

पुढे सचिनदेव बर्मन यांनी किशोरला ही सैगलची छाया सोडायला लावली, असं सांगतात, आणि मग त्याचा स्वतःचा गळा मोकळा झाला. तो कसा वेगळा आहे हे पाहायचं असेल तर 'प्यार का मौसम'मधलं 'तुम बिन जाऊँ कहाँ' दोनदा ऐकावं. १९६९ सालचा चित्रपट, संगीत राहुलदेव बर्मन यांचं. एकच मुखडा मोहम्मद रफींनी शशी कपूरसाठी गायला आहे आणि किशोरकुमारनं भारत भूषणसाठी. रफी वरच्या सुरांकडे जातात ते एकसंध वळणानं. खालचा सूर आणि वरचा सूर एकाच कापडाचे, मधला सांधा कुठे शिवलाय ते कळत नाही. किशोरकुमार मात्र मध्येच योडेलिंग घालतो आणि सांधा उघडा करून दाखवतो. त्याच्या गाण्यातून ते योडेलिंग काढून टाकलं तरी मला तो ओळखू येतो. ओळीच्या शेवटी त्याचा सूर किंचित सैल पडतो, बोलण्याकडे झुकतो. रफी ओळ गाऊनच संपवतात. १९८७ साली 'गंमत जंमत'साठी तो मराठीत 'अश्विनी ये ना' गायला, तेव्हा भाषा त्याची नव्हती आणि तरीही निवेदकानं नाव सांगायची गरज पडली नाही, त्यात या गाता-गाता बोलण्याचा मोठा वाटा आहे.

आपल्याकडे गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात 'व्हॉइस ऑफ किशोर' म्हणून एक गायक असतोच. त्यातले काही फार तयारीचे असतात आणि त्यांच्या मेहनतीबद्दल मला मनापासून आदर आहे. तरी फरक कळतो, आणि तो उडीत कळतो. नक्कल करणारा उडीच्या आधी तयारी करतो: एक छोटा श्वास, मग खालच्या सुराला थोडा जादा जोर, मग उडी. वर पोचल्यावरही आवाज एकदम मोठा होतो, कारण जोर तिथपर्यंत सोबत आलेला असतो. किशोरकुमारची उडी एखाद्या अक्षराच्या पोटातून निघते, आधी कसली चाहूल नसते. खाली भरदार आणि वर हलका, पण मोठेपणा दोन्हीकडे जवळपास सारखा. आणि खाली परतताना तो सुरावर नेमका येतो. उडी मारायला पुष्कळांना येते, खाली उतरताना सूर किंचित चुकतो आणि मग तो सावरून घेतात. ते सावरणं ऐकू आलं की गाणारा दुसरा कुणीतरी आहे, असं धरायला हरकत नाही.

या सगळ्याला मर्यादा आहेत. गाणं मुळाहून वेगानं वाजवलं असेल तर घेराची खूण पार कोलमडते. टेप सहा टक्के जास्त वेगानं फिरली की सूर जवळपास अर्ध्या सुरानं चढतो आणि सोबत पोकळीची गुंजही तेवढीच चढते. पुरुष तरुण वाटू लागतो, तरुण मुलगा बाईसारखा. जुन्या तबकड्यांवरून उतरवलेल्या प्रतींत हे सर्रास घडतं. तबल्याची थाप नेहमीपेक्षा टणक, शब्द थोडे घाईत आणि थरथर नको तितकी जलद वाटली, तर आवाजाबद्दल मत बनवण्याआधी वेगाची शंका घ्यावी. दुसरी अडचण घरातलीच. अमितकुमारचा गळा वडिलांच्या घडणीचा, आणि तो वाढलाही तेच ऐकत. तिथे सांधा आणि उडी यांवर भिस्त ठेवून चालत नाही. शब्दफेकीकडे जावं लागतं, आणि तेवढ्यानंही भागलं नाही तर तबकडीवरची चिठ्ठी पाहावी लागते.

पडद्यावरचा चेहराही दगा देतो. १९५८ सालच्या 'रागिनी'त 'मन मोरा बावरा' किशोरकुमारच्याच तोंडी आहे, आणि मागचा आवाज मोहम्मद रफींचा. चिठ्ठीवर तरी किती विसंबावं? १९४९ साली 'महल'ची तबकडी आली तेव्हा 'आयेगा आनेवाला'पुढे गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी'. ते चित्रपटातल्या पात्राचं नाव. गाणं रेडिओवर वाजू लागलं आणि ही कामिनी कोण, असं विचारणारी श्रोत्यांची पत्रं येऊ लागली. त्या श्रोत्यांचे कान चांगलेच होते, पण हा आवाज अजून त्यांच्या पुरेसा ओळखीचा झाला नव्हता आणि ताडून बघायला फारसं काही हाताशी नव्हतं. शेवटी रेडिओनं ध्वनिमुद्रिका कंपनीकडून खरं नाव मागवून घेतलं आणि ते निवेदनात सांगितलं: लता मंगेशकर.