डिंकू, ऐकू येतंय का?

‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ रात्र जागून बघितलेल्या सगळ्यांना ह्यून बिन आणि सन ये-जिन ही जोडी सांगायची गरज नाही. सिरियल संपली, 2022च्या मार्चमध्ये दोघांनी चक्क खरंखुरं लग्न केलं आणि जूनमध्ये गुड न्यूज दिली. त्यानंतर कोरियन मीडियाने एक बातमी अगदी सीरियसली छापली. बाळाचं ‘तेम्योंग’ ठरलंय, ते आहे ‘आलखोंगी’! बाळ जन्मलं नोव्हेंबरमध्ये. म्हणजे नाव आधी, बाळ नंतर.

ही काही स्टार लोकांची नाटकं नाहीत बरं का. कोरियात हे घरोघरी चालतं. ‘ते’ म्हणजे गर्भ, ‘म्योंग’ म्हणजे नाव. प्रेग्नन्सी कळली की पहिल्या काही दिवसांतच नवरा-बायको पोटातल्या बाळाला एक लाडाचं नाव देतात. त्याची कुठेही नोंद होत नाही. जन्मानंतर महिन्याभरात सरकारदरबारी जन्माची नोंद करायची असते, तेव्हा द्यायचं ते खरं नाव वेगळंच. ते ठरवताना चिनी अक्षरांचे अर्थ बघतात, काही घरांत पिढीचं ठरलेलं अक्षर त्यात बसवतात, काही जण तर पैसे मोजून नाव काढून देणाऱ्या तज्ज्ञाकडे जातात. तेम्योंगला यातलं काहीच लागत नाही. सोफ्यावर लोळत लोळत ठरवलं तरी चालतं.

मला हे सगळं कळलं माझ्या मावसबहिणीमुळे. ताई आणि भावोजी नोकरीनिमित्त कोरियात, सुवॉनमध्ये राहतात. गेल्या वर्षी तिथल्या क्लिनिकमध्ये पहिली सोनोग्राफी झाली आणि बाहेर काउंटरवरच्या नर्सने फाइल भरता भरता विचारलं, “तेम्योंग काय?” ताईला वाटलं, कुठलीतरी टेस्ट राहिली. फोनवर मला हे सांगताना ती हसत होती. मग एकदम गप्प झाली आणि म्हणाली, “सहावा आठवडा आहे गं. आपल्याकडे या वेळी कुणी बोलतसुद्धा नाही.”

तिचं गप्प होणं मला कळत होतं. त्याआधी दोन वर्षांपूर्वी, पुण्यात असताना, तिचं पहिलं मिसकॅरेज झालं होतं. नववा आठवडा. घरचा नियम होता, तीन महिने कुणाला सांगायचं नाही. त्यामुळे कुणाला सांगितलं नव्हतं, आणि म्हणून झाल्यावरही कुणाला सांगता आलं नाही. सोमवारी ती ऑफिसला गेली. डेस्कवर कुणीतरी विचारलं, “व्हायरल होतं का?” ती ‘हो’ म्हणाली.

तीन महिन्यांचा तो नियम उगाच आलेला नाही. बहुतेक गर्भपात पहिल्या बारा आठवड्यांतच होतात, आणि त्यातल्या खूप केसेसमध्ये कारण असतं गुणसूत्रांतली गडबड. बाईने जिना चढला, पपई खाल्ली, टेन्शन घेतलं म्हणून नाही. तेव्हा आपण म्हणतो, आधी टिकू दे, मग बोलू. कोरियन जोडप्यांना हा धोका माहीत नसतो असं थोडंच आहे? पण ती उलट्या बाजूने जातात. टिकावं म्हणूनच नाव ठेवतात.

नावंच बघा ना. ‘थुनथुनी’ म्हणजे धट्टाकट्टा. ‘सुकसुगी’ म्हणजे भराभर वाढणारं. खोंग म्हणजे बी, बीन. सोनोग्राफीत दिसतं तेवढंसं, म्हणून ‘खोंगी’. क्कुम म्हणजे स्वप्न, म्हणून ‘क्कुमी’. 2024 हे ड्रॅगनचं वर्ष होतं, आणि ड्रॅगनला म्हणतात योंग, म्हणून ‘योंगयोंगी’. शेवटचा ‘ई’ म्हणजे आपल्या ‘बंड्या’-‘चिंगी’तला लाडाचा शेपटा समजा.

मला सगळ्यात आवडली ती दोन नावं. ‘छालत्तॉगी’ हे छालत्तॉक नावाच्या चिकट तांदळाच्या मिठाईवरून, आणि ‘त्ताकफुरी’ हे चक्क ग्लूस्टिकवरून! मुलाचं नाव फेव्हिकॉल ठेवण्यातलाच प्रकार. हसू येतं, पण अर्थ कळला की घशात काहीतरी अडकतं. ‘बाळा, आईच्या पोटाला घट्ट चिकटून राहा,’ एवढंच त्या नावात म्हटलेलं असतं. आधी एखादं बाळ गेलं असेल, किंवा खूप ट्रीटमेंटनंतर दिवस राहिले असतील, तर अशी नावं आवर्जून निवडली जातात.

आणि नावाने संकट टाळायचं हे आपल्याला नवीन आहे का? मुलं जगत नसत तेव्हा आपल्या पणज्यांनी धोंडू, दगडू, केरबा अशी नावं ठेवलीच की. कुणाची दृष्ट लागू नये, यमालाही वाटावं, हा दगड नेऊन काय करू? जुन्या कोरियातही लहान मुलांना ‘केत्तोंगी’ म्हणायचे. अर्थ? कुत्र्याची शी! फंडा तोच, वाईट नाव ठेवा म्हणजे मूल वाचेल. पण केरबा काय किंवा केत्तोंगी काय, हे नाव जन्मलेल्या मुलाला मिळायचं. तेम्योंगने ते सात-आठ महिने अलीकडे आणलं, आणि शिवी काढून त्या जागी लाड ठेवला.

पोटातल्या बाळाशी बोलायची परंपरा मात्र तिथे जुनी. आपल्याकडे अभिमन्यू आणि गर्भसंस्कार, तसं त्यांच्याकडे ‘तेग्यो’. साजुदांग नावाच्या विदुषीने 1800मध्ये त्यावर ‘तेग्यो-सिनगी’ हे अख्खं पुस्तक लिहिलं, आणि त्यात जबाबदारी एकट्या आईवर न टाकता बापावर आणि घरच्यांवरही टाकली. तेम्योंग मात्र मॉडर्न प्रकरण, गेल्या दोन-अडीच दशकांत पसरलेलं. पोटाशी बोलायचं तर हाक कशी मारायची, हा प्रश्न त्याने सोडवला.

आता डिंकूची गोष्ट. पहिले चार दिवस ताई नाव ठेवायला तयारच नव्हती. “परत तसं झालं तर?” भावोजींचं म्हणणं होतं, “मागच्या वेळी नाव नव्हतं. म्हणून कमी त्रास झाला का?” यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. पाचव्या दिवशी ग्लूस्टिकची गंमत कळल्यावर भावोजी म्हणाले, “मग आपला डिंक काय वाईट आहे?” झालं, डिंकू! मावशीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “छान आहे. बाळंतपणात डिंकाचे लाडू मीच करणार आहे.” तीन महिन्यांचा नियम सातव्या आठवड्यातच मोडला.

बाळाला त्यातलं काय ऐकू येत होतं? खरं सांगायचं तर तेव्हा काहीच नाही. बाळ आवाजाला प्रतिसाद द्यायला लागतं ते साधारण चोविसाव्या आठवड्याच्या आसपास. कोरियात एक लाडकी समजूत आहे की ‘क्क’, ‘त्त’ अशा ठसकेबाज व्यंजनांची नावं पोटात जास्त स्पष्ट ऐकू येतात. ‘पक्का’, ‘चक्का’मधला धक्का आठवा. पण आईचं शरीर आणि गर्भजल मिळून बारीक, तीक्ष्ण आवाजच जास्त अडवतात, आणि त्या व्यंजनांची धार असते ती नेमकी तिथे. पोचतो तो आवाजाचा चढउतार आणि ठेका. भिंतीपलीकडे कुणी बोलत असलं की शब्द कळत नाहीत, पण आई रागावलीय की हसतेय ते कळतं, तसंच.

तो ठेका मात्र लक्षात राहतो. हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013मध्ये यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही गर्भवतींना शेवटच्या तिमाहीत ‘ताताता’ या अर्थ नसलेल्या शब्दाचं रेकॉर्डिंग वारंवार लावायला सांगितलं. मधूनच त्यातला सूर बदलायचा. जन्मानंतर बाळांच्या मेंदूचे सिग्नल मोजले, तर ते रेकॉर्डिंग ऐकलेल्या बाळांचा मेंदू सुरातला बदल इतर बाळांपेक्षा जास्त ठळकपणे टिपत होता. म्हणजे एकच छोटा शब्द, त्याच लयीत, रोज. तेम्योंग दुसरं काय आहे?

मग सहाव्यापासून चोविसाव्या आठवड्यापर्यंतचं नाव कुणासाठी? ते आईबापासाठी. ताईला उलट्या व्हायच्या. भावोजींना मात्र काहीच होत नव्हतं, आणि त्यांची हीच अडचण होती. नाव मिळाल्यावर त्यांना बोलायला कुणीतरी मिळालं. रात्री घरी आले की पोटाजवळ वाकून ठरलेला डायलॉग, “डिंकू, ऐकू येतंय का? आज बॉस फार बोअर झाला.” तिकडे याला ‘तेदाम’ म्हणतात.

आणखी एक गंमत. तेम्योंग बहुतेक वेळा ना मुलाचं, ना मुलीचं. यामागे कायद्याचाही हात असावा, असं मला वाटतं. मुलाच्या हव्यासापायी कोरियातही मुलींचे गर्भ पाडले जायचे. 1990मध्ये तिथे 100 मुलींमागे 116हून जास्त मुलगे जन्मत होते. गर्भाचं लिंग सांगायला तिथे 1987मध्ये बंदी आली. 2009मध्ये ती शिथिल होऊन बत्तिसाव्या आठवड्यानंतर सांगायची मुभा मिळाली, आणि फेब्रुवारी 2024मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने उरलेली अटही रद्द केली, कारण आता जन्मणाऱ्या मुलामुलींचं प्रमाण नैसर्गिक पातळीवर आलंय. आपल्याकडे 1994चा कायदा कायम आहे, आणि तो का हवा हे वेगळं सांगायला नको. ताईला तिथे विचारता आलं असतं. तिने विचारलं नाही. व्हिडिओ कॉलवरच्या डोहाळजेवणात पेढा निघाला की बर्फी, यावर इकडे काकवांची पैज लागली, तर ती म्हणाली, “डिंकू निघाला!”

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. हे नाव कुणालाही वाचवत नाही. छालत्तॉगी नावाची बाळंही जातात. पोटातच गेलेल्या बाळाची कोरियात जन्मनोंद होत नाही, तेव्हा तेम्योंग हेच त्याचं एकमेव नाव उरतं. त्याने दुःख कमी होतं असं ताई म्हणत नाही. ती एवढंच म्हणते, “पहिल्या वेळी आम्ही दोघंही ‘ते’ म्हणायचो. ‘ते झालं तेव्हा.’ कशाबद्दल बोलतोय, तेच बोलता यायचं नाही.”

डिंकू घट्ट चिकटून राहिला, आणि निघाली मुलगी. बाळंतिणीला तिथे ‘सानहुजोरिवॉन’ नावाच्या केंद्रात दोनेक आठवडे ठेवायची पद्धत आहे. तिथल्या पाळण्यावरच्या चिठ्ठीवर कोरियन लिपीत लिहिलं होतं ‘डिंकू’. बाराव्या दिवशी लॅपटॉपसमोर बारसं झालं. मावशीने व्हिसा, थंडी आणि कस्टम्सवर मात करून नेलेल्या लाडवांचा डबा मागे दिसत होता. आत्या इकडून स्क्रीनला तोंड लावून कुर्र करत होती. नाव ठेवलं ईरा.

आता सात महिने झाले. पासपोर्टवर ईरा आहे. घरात विचाराल, तर तिला त्या नावाने अजून कुणीही हाक मारलेली नाही.