चरणाचं अक्षर

चू, चे, चो, ला. ली, लू, ले, लो. घरात बाळ जन्मलं की परतूरच्या आमच्या ओसरीवर गुरुजींच्या ओठांतून हा स्वर हळूहळू झरू लागे. पंचांग मांडीवर, बोट ओळीवर, आणि आवाज इतका खालचा की बाळंतिणीच्या शेगडीवरच्या ओव्याचा वास आधी यावा आणि अक्षरं मागाहून. अर्थ नसलेली ती अक्षरं. पण त्यांतल्या एकावर गुरुजी थांबले की अख्खं घर थांबे. आत्या पुढे सरके. नाव कानात सांगायचा मान तिचा, म्हणून घाईही तिलाच.

पण गुरुजी पुन्हा विचारत, "वेळ नीट सांगा, घड्याळात कुणी पाहिली?" लहानपणी हा प्रश्न मला उगाच वाटे. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, त्या मुक्कामाचे चार सारखे भाग म्हणजे चार चरण, आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर. मात्र चंद्राची चाल रोज सारखी नसते, म्हणून सरसकट सहा तास धरून चालत नाही. समजा, रोहिणी सकाळी 9.20 ला लागली आणि दुसऱ्या दिवशी 10.08 ला संपली. मुक्काम 24 तास 48 मिनिटांचा, म्हणजे एक चरण 6 तास 12 मिनिटांचा. पहिला दुपारी 3.32 पर्यंत, दुसरा रात्री 9.44 पर्यंत. रोहिणीची अक्षरं ओ, वा, वी, वू. साडेनऊला जन्मलेल्या मुलीला 'वा' येतो. तीच वेळ धांदलीत दहा म्हणून सांगितली की 'वी'. अर्ध्या तासात वासंती जाते आणि विमल येते.

ही अक्षरं आली कुठून, हे पुढे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती पंचांगातल्या कोष्टकाकडे पाहत बसले. अवकहडा चक्र अश्विनीपासून वाचलं तर गोंधळच दिसतो. कृत्तिकेपासून वाचा. अ, ई, उ, ए, ओ. मग वा, वी, वू, वे, वो. मग का, की... वीस अक्षरं, प्रत्येकाला पाच स्वर, अशी शंभर, आणि मधे चार ठिकाणी तीन-तीन जास्तीची. एकशेबारा. अभिजित धरून अठ्ठावीस नक्षत्रांचे चरणही तेवढेच. वेदकाळात नक्षत्रांची मोजणी कृत्तिकेपासून होई. तो जुना आरंभ या बारशाच्या अक्षरांत अजून जिवंत आहे. ङ, ञ, ण यांनी नाव सुरू होत नाही, तिथे ग, ज, ड घ्यावं अशी सोयही जुन्यांनी करून ठेवली.

आणि हे सगळं कशासाठी? मला वाटतं, आठवणीसाठी. कागद वाळवी खाते, पत्रिका पुरात जाते, आईला तिथी आठवत नाही. पण नावाचं पहिलं अक्षर माणसाबरोबर म्हातारं होतं. त्यावरून चरण कळतो, चरणावरून रास, आणि पत्रिका हरवलेल्या मुलीचंही लग्न नावरास पाहून जमतं. चंद्र त्या रात्री कुठे होता, हे आईबापांनी लेकराच्या नावात ठेवून दिलं. किती माया!

त्या अक्षराचं नाव हाकेचं असावं असा हट्ट मात्र परंपरेत नव्हता. धर्मसिंधु देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी वेगवेगळी नावं सांगतो. आश्वलायन गृह्यसूत्रात तर गुरूला वंदन करताना सांगायचं एक नाव मुंजीपर्यंत फक्त आईवडिलांनाच ठाऊक असतं.

आमच्या शेजारच्या घनसावंगी तालुक्यातल्या जांबचंच पाहा. 1608 साली रामनवमीला सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी मुलगा झाला, त्याचं नाव नारायण. पुढे तेच समर्थ रामदास. 'ना' हे अनुराधेच्या पहिल्या चरणाचं अक्षर. चैत्री पौर्णिमेला चंद्र चित्रेच्या आसपास असतो, म्हणून नवमीला तो पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा यांच्याच परिसरात सापडतो. अनुराधेपर्यंत त्या दिवशी पोचूच शकत नाही. म्हणजे नारायण हे चरणाचं नाव नव्हे. सूर्याची उपासना करणाऱ्या घरात ते श्रद्धेने आलं असावं. चरणाचं नाव ठेवलं असेल तर ते के, को, हा, ही, हू, हे, हो, डा, डी, डू, डे, डो यांतल्याच एखाद्या अक्षराचं असणार.

म्हणून आता लेकीसुना विचारतात, "अक्षर 'डू' आलंय, काय करू?", तेव्हा मी त्यांना सांगते की हाकेला आवडेल ते नाव ठेवा, आणि चरणाचं नाव पत्रिकेत लिहून ठेवा. फक्त जन्माची वेळ त्याच क्षणी, मिनिटासकट, कुणाकडून तरी टिपून घ्या.