तांब्याचे वजन

जुन्या घराची वायरिंग बदलताना एका सराफांसमोर आईच्या न्हाणीघरातील गीझरसाठी 2.5 चौरस मिलिमीटर वायरची दोन बंडले आली. स्वस्त बंडलावरही ‘1100 व्होल्ट’ छापलेले होते. तो आकडा आवरण किती विद्युतदाब सोसेल हे सांगतो; आतील तांब्याचे माप नव्हे. सराफांनी दोन्हींचा मीटरभर तुकडा सोलून तांबे काट्यावर ठेवले. एक 22 ग्रॅम भरले, स्वस्त मात्र 17. म्हणजे तांबे जेमतेम 1.9 चौरस मिलिमीटर. गीझर चालताच ती वायर अधिक तापणार. आयएसआय चिन्हाखालचा सीएम/एल क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासता तो भलत्याच उत्पादकाचा निघाला. बंडल परत गेले. गीझरचा स्विचही त्यांनी चिन्ह आणि 16 अँपिअर वाचूनच घेतला.