दोनशे छत्तीस रुपये

माझे आजोबा परळच्या एका गिरणीत बदली कामगार होते. सकाळी भोंग्याआधी दारात उभं राहायचं आणि कुणाचा खाडा असेल तर त्याच्या साच्यावर जायचं. 1935 साली गिरणीमालकांच्या संघटनेनं बदली कामगारांना कार्डं द्यायला सुरुवात केली. जॉबरनं मर्जीतला माणूस आत घ्यावा आणि त्याबद्दल पैसे खावेत, याला त्यातून आळा घालायचा होता. आजोबा दुसऱ्याच्या जागी उभे राहत, पण स्वतःच्या नावानं. त्या दिवसाचा पगार त्यांचा आणि कापडात दोष निघाला तर दंडही त्यांचाच.

त्याच परळमध्ये आज मी लहान व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिणाऱ्या एका फर्मसाठी माणसं निवडते. पहिल्या मुलाखती व्हिडिओवर होतात. काही वर्षांपूर्वी एका मुलानं इतकी नेटकी उत्तरं दिली की आम्ही दुसरी फेरीही घेतली नाही. रुजू झालेल्या मुलाला मात्र बँकेच्या पासबुकाशी कॅशबुक जुळवता येईना. आवाजही वेगळा वाटत होता. पण ‘वाटत होता’ यापलीकडे आमच्या हातात काही नव्हतं. मुलाखतीचा फोटो नव्हता, टिपण नव्हतं, तेव्हा ओळखपत्रही कुणी पाहिलं नव्हतं. अकराव्या दिवशी तो न सांगता यायचा बंद झाला. मुलाखत कुणी दिली होती, ते मला आजही माहीत नाही.

त्या प्रकरणानंतर मी जे केलं त्याची मला जास्त खंत आहे. मी सगळ्यांकडे संशयानं पाहू लागले. गिरगावातल्या चाळीत राहणारी एक मुलगी दर उत्तराआधी डावीकडे पाहायची, मधे कुजबुज ऐकू यायची. मी तिला नाकारलं. तिनं फोन करून शांतपणे कारण विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली, “मॅडम, आमची एकच खोली आहे. डावीकडे आजी झोपून असते, ती पाणी मागत होती.” दुसऱ्या दिवशी ती स्वतः ऑफिसात आली आणि मी दिलेला ताळा तिनं माझ्यासमोर वीस मिनिटांत जुळवून दाखवला. जागा तोवर भरली गेली होती.

डोळे कुठे जातात, ओठ आणि आवाज जुळतात का, उत्तराला किती वेळ लागतो, यांना मी आता पुरावा मानत नाही. 2022 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं बनावट चेहरे लावून दिल्या जाणाऱ्या मुलाखतींबद्दल इशारा दिला होता. शिंक किंवा खोकला ऐकू येतो, पण चित्रात दिसत नाही, अशी एक खूण त्यात होती. खूण खरी आहे, पण नेट संथ असलं की खऱ्या माणसाचेही ओठ मागे पडतात. म्हणून मी सुरुवातीला साधं काहीतरी विचारते, जेवण झालं का, घर कुठल्या स्टेशनाजवळ. तिथेही तेवढाच उशीर होत असेल तर दोष नेटचा. साध्या प्रश्नाला उत्तर झटकन येतं आणि कामाच्या प्रत्येक प्रश्नाला आधी प्रश्नच परत म्हटला जातो, मग थोडं थांबून पुस्तकी परिच्छेद येतो, असं झालं तर मी पुढचा प्रश्न बदलते. त्यावरून निर्णय मात्र घेत नाही.

तयारी करून येणं आणि पढवलेलं बोलणं यांत मी फरक करते. दादरच्या क्लासात महिनाभर सराव करून आलेल्या मुलाचा काही गुन्हा नाही. ‘बँक रिकन्सिलिएशन म्हणजे काय’ असं मी विचारलं, तर पाठ केलेलंच उत्तर येणार, आणि तो दोष माझ्या प्रश्नाचा. म्हणून आम्ही आता सगळ्यांना एकच छोटा ताळा देतो. कॅशबुकात बँकेची शिल्लक 48,600 रुपये. दिलेला 7,500 चा एक चेक अजून वटलेला नाही. बँकेनं 236 रुपये शुल्क कापलंय, ते आपल्याकडे नोंदलेलं नाही. पासबुकात किती दिसेल? उत्तर 55,864, आणि ते कानात कुणीही सांगू शकतं. मग मी विचारते, हे 236 असे विचित्र का? ज्यानं बँकेच्या नोंदी हातानं लिहिल्यात तो लगेच म्हणतो, दोनशे शुल्क आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी. त्यानंतर मी एकच अट बदलते: तो चेक चार महिन्यांपूर्वीचा निघाला. चेकची मुदत तीन महिन्यांची, म्हणजे आता तो वटणार नाही. पढवलेला उमेदवार इथे पुन्हा व्याख्येकडे वळतो. काम केलेला माणूस नोंद उलटवायची म्हणतो आणि बहुतेक वेळा मला उलट विचारतो, पार्टीला नवा चेक दिलाय का? हा प्रश्न कुणी आधी पाठ करून येत नाही.

उमेदवाराच्या जागी मुलाखतीला बसवलेला माणूस मात्र हे सगळं उत्तम सांगेल, कारण त्याला काम येतं. तिथे एकच गोष्ट उपयोगी पडते: पहिल्या कॉलपासून रुजू होण्यापर्यंत माणूस तोच आहे ना, एवढं पाहणं. बोलावण्याच्या मेलमध्येच आम्ही लिहितो की फोटो असलेलं ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरावं लागेल, एक फोटो ठेवला जाईल आणि निवड झाली नाही तर तो तीस दिवसांत पुसला जाईल. आधारच हवं असं म्हणत नाही. 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर खासगी मालकानं तसा हट्ट धरू नये. मतदार कार्ड चालतं, लायसन्स चालतं, नंबरावर बोट ठेवलं तरी हरकत नाही. कॅमेरा खोलीभर फिरवायला कधीही सांगत नाही. बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांत आजारी माणूस असतो, अंघोळीहून आलेली बहीण असते. ते पाहायचा मला अधिकार नाही.

दुसऱ्या कॉलला माझ्याबरोबर नवा सहकारी असतो आणि आम्ही पहिल्या कॉलमधलंच एखादं वाक्य पुढे नेतो: “त्या दुकानदाराचा स्टॉक जुळत नव्हता म्हणालात, शेवटी कुठे सापडलं?” रुजू होण्याच्या दिवशी मूळ ओळखपत्र, तोच फोटो आणि तसाच एक नवा ताळा. हे सगळ्यांना, माझ्या ओळखीतून आलेल्यालाही. शंका आलीच तर टिपणात फक्त दिसलं ते लिहायचं: ‘बाराव्या मिनिटाला दुसरा आवाज’. ‘कुणीतरी सांगत होतं’ असं नाही. मग उमेदवाराला ते वाचून दाखवायचं आणि समोरासमोर येण्याची संधी द्यायची, गाडीभाडं आमचं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66 ड कलमात संगणकावरून तोतयेगिरीनं फसवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, लाखापर्यंत दंड आहे. एवढं जड कलम मी नुसत्या शंकेवर कुणाच्या डोक्यावर ठेवणार नाही.

गेल्या पावसाळ्यात सावंतवाडीचा एक मुलगा होता. चित्र सारखं गोठायचं, नजर बाजूला जायची. शिळ्या चेकवर तो बराच वेळ गप्प राहिला. पूर्वीची मी असते तर कॉल तिथेच संपवला असता. मग त्यानं विचारलं, “तो चेक पार्टीकडेच आहे का? असेल तर आधी परत मागवूया, मग नोंद फिरवू.” रुजू व्हायला तो तुतारी एक्स्प्रेसनं दादरला उतरला आणि पिशवी खांद्यावर घेऊन थेट ऑफिसात आला. मी फोटो जुळवला, ताळा पुढे ठेवला. या वेळी शुल्काचा आकडा 354 होता. त्यानं पेन काढलं, समासात 300 आणि 54 असं लिहिलं आणि मान वर न करता पुढची नोंद वाचायला घेतली.