खोटी रजा

ताईनं नोव्हेंबरच्या शेवटी टीमला सांगितलं. पाचवा महिना लागला होता, तारीख एप्रिलच्या मध्याची. रजा १५ मार्चपासून. कायद्यानं मिळणाऱ्या २६ आठवड्यांतले आठपर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात, पण बहुतेक जणींसारखं तिलाही ते बाळासाठी राखून ठेवायचे होते.

आमचं काम म्हणजे रोज रात्री बँकेकडून आलेली फाइल आणि आमच्याकडचे व्यवहार यांचा ताळमेळ लावणं. तो प्रोग्राम सहा वर्षं तिनं सांभाळलेला. मॅनेजर म्हणाले, "एक केटी डॉक्युमेंट बनव, बाकी हा बघेल." हा म्हणजे मी.

डॉक्युमेंट चाळीस पानांचं झालं आणि निरुपयोगी ठरलं. माणूस जे लक्षात ठेवून करतो ते लिहितो; जे सवयीनं करतो ते त्याला सुचतच नाही. मग ताईनंच दुसरा मार्ग काढला. आम्ही तिची मेल आणि तिकिटं गेल्या वर्षीच्या १५ मार्चपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे रजेच्याच काळातली, तारखेनं वाचत गेलो. रोजची कामं मला पाहून पाहून येत होतीच. भीती होती ती वर्षातून एकदाच येणाऱ्या गोष्टींची. १ एप्रिलला तिनं सगळ्यांना मेल टाकलेली सापडली: आज बँका वार्षिक हिशेबासाठी बंद, फाइल येणार नाही, घाबरू नका. हे त्या चाळीस पानांत कुठेच नव्हतं.

जानेवारीत तिनं खुर्ची बदलली. मी कीबोर्डवर, ती शेजारी, हात मांडीवर. मी चुकलो तरी सांगायचं नाही, विचारलं तरच बोलायचं. तिला हे फार जड गेलं. मलाही.

मग खोटी रजा. जानेवारीचा शेवटचा आठवडा मुद्दाम निवडला, कारण मधे महिनाअखेर येते. ती ऑफिसात येऊन दुसरंच काम करणार, आम्ही तिला काही विचारायचं नाही. तारीख एप्रिलची असली तरी बाळ आधीही येऊ शकतं, म्हणून फेब्रुवारीत तयार असणं हेच खरं वेळेत असणं.

दुसऱ्याच दिवशी अडकलो. बँकेच्या पोर्टलचा ओटीपी तिच्या फोनवर जात होता. नंबर बदलायला बँकेला पत्र लागतं, त्यात तीन आठवडे गेले. त्याहून वाईट सापडलं ते सर्व्हरवर. रात्रीचा जॉब तिच्या स्वतःच्या लॉगिनखाली चालत होता. मी सहज पाहिलं:

```
sudo crontab -l -u tai
sudo chage -l tai
```

पहिल्या ओळीनं जॉब दिसला. दुसरीनं दिसलं की तिचा पासवर्ड दर ९० दिवसांनी संपतो. आमच्या सर्व्हरवर पासवर्ड संपला की त्या नावाचे क्रॉन जॉबही चालत नाहीत. ती रोज लॉगिन करत होती, वेळेवर पासवर्ड बदलत होती, म्हणून कधी कळलंच नाही. रजा १८२ दिवसांची. मे-जूनमधल्या एखाद्या रात्री जॉब गुपचूप थांबला असता आणि आम्ही कोडमध्ये चूक शोधत बसलो असतो. जॉब एका सर्व्हिस अकाउंटवर हलवला. काम अर्ध्या दिवसाचं.

एवढं करूनही दोन माणसांचं काम एकाला होत नाही. २६ आठवडे म्हणजे आमचे तेरा स्प्रिंट. नवीन रिपोर्ट सप्टेंबरनंतर, असं मॅनेजरांकडून लिहून घेतलं. त्यावर झालेला वाद इथे सांगण्यासारखा नाही.

२ एप्रिलला दोन दिवसांचे व्यवहार एकाच फाइलमध्ये आले आणि रिफंड जुळेनात. रात्रीचा दीड वाजला होता. ताईचा नंबर काढून बसलो होतो. ती घरी होती, नववा महिना. तिनं फोन उचललाही असता. नंबर बंद केला, फाइल तारखेप्रमाणे फोडून दोनदा चालवली. तीन वाजता जुळलं.

सप्टेंबरमध्ये ती परत आली. पहिल्या दिवशी दुपारी म्हणाली, "महिनाअखेर आता मी करू का, की तूच करणार?" हसत म्हणाली, पण चहा तसाच ठेवून माझ्याकडे बघत होती. सहा महिन्यांत सगळे मलाच विचारायला लागले होते, आणि खरं सांगतो, मला ते आवडलं होतं. अप्रेझलही तोंडावर होतं.

३० तारखेला मी खुर्ची शेजारी ओढली. मधल्या काळात मी चार गोष्टी बदलल्या होत्या, त्या तिला माहीत नव्हत्या. पहिल्याच पायरीला ती अडखळली. मी हात मांडीवर ठेवून बसलो.