निवेदिकेच्या हातातलं कार्ड

पोस्टकार्डाएवढं, जाड, एकाच बाजूला लिहिलेलं. साधा कागद माइकजवळ फडफडतो आणि हात थरथरला की सभागृहाला दिसतो. हे कार्ड तसं चुगली करत नाही. कोपऱ्यात क्रमांक असतो, म्हणजे गठ्ठा खाली पडला तरी क्रम हरवत नाही.

तालुक्याच्या महाविद्यालयात भूजलावर चर्चासत्र आहे. पहिलं कार्ड स्वागताचं. त्यावर आधी अध्यक्ष, मग प्रमुख पाहुण्या, प्राचार्य आणि शेवटी सभागृह. एक नाव पेन्सिलीनं खोडलंय, कारण ते गृहस्थ आलेलेच नाहीत. सुरू होण्याआधी व्यासपीठावरच्या खुर्च्यांशी कार्ड ताडून पाहिलं नाही, तर रिकाम्या खुर्चीचं स्वागत होतं. सभागृहासाठी एकच वाक्य आहे: ‘शिवारातून थेट इथं आलेल्या शेतकरी बंधू-भगिनींनो आणि विद्यार्थिमित्रांनो, नमस्कार.’ समोर कोण बसलंय हे कार्डाला ठाऊक आहे.

दुसरं कार्ड परिचयाचं, आणि खरा स्वभाव तिथे दिसतो. पाहुण्या बाईंनी चार पानी परिचयपत्र पाठवलं होतं: पदव्या, शोधनिबंध, समित्या, पुरस्कार. कार्डानं त्यातलं फार थोडं ठेवलं. सुरुवातच अशी: ‘पावसाळ्यात काठोकाठ भरलेली आपली विहीर मार्चमध्ये का आटते?’ पुढे, बेसाल्टच्या भेगांमध्ये पाणी कसं साठतं याचा बाईंनी अभ्यास केला आहे आणि त्यासाठी गावोगावच्या विहिरींची पातळी मोजली आहे. मग पद, व्याख्यानाचा विषय आणि सर्वांत शेवटी नाव.

विहिरीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र कार्डावर नाही. ते बाईंच्या भाषणाचं आहे. निवेदिकेनं तेच सांगून टाकलं, तर बाईंची पहिली दहा मिनिटं उष्टी होतात.

नाव शेवटी ठेवण्यालाही कारण आहे. ते आधी उच्चारलं की टाळ्या लगेच पडतात आणि उरलेला परिचय त्या विरल्यानंतर केविलवाणा चालू राहतो. आडनाव मोठ्या अक्षरांत, अक्षरं सुटी करून लिहिलंय. उच्चार चहाच्या वेळी बाईंनाच विचारून घेतलेला. त्याच वेळी ‘विभागप्रमुख’च्या आधी ‘माजी’ घातलं गेलं, कारण परिचयपत्र जुनं होतं.

हे सारं मिनिटभरात वाचून होतं. ओळी सुट्या आहेत, म्हणून नजर खाली जाऊन लगेच वर येते आणि नाव घेताना निवेदिका बाईंकडे पाहू शकते.

कार्ड चुकलं असेल, तर पाहुण्यांच्या पहिल्याच वाक्यात कळतं: ‘थोडी दुरुस्ती करते...’ आज बाई माइकपाशी आल्या आणि म्हणाल्या, ‘तुमच्यापैकी किती जणांची विहीर मार्चमध्ये आटते?’ निम्म्या सभागृहानं हात वर केले.