लोंबत्या कानांची फिर्याद

माढ्यात पाऊस खरा पडतो तो सप्टेंबरात. शेततळी भरतात, बांधावर कुसळी गवत माजतं आणि लॅब्रॅडॉर कान झाडायला लागतात. उजनीचं पाणी आलं, ऊस आला, वस्तीवर बंगले उठले, त्यांच्यामागोमाग ही जाडजूड, प्रेमळ, पाणी दिसलं की उडी टाकणारी जातही इकडे आली. तिच्या कानाला वास सुटला की निदान ठरलेलं असतं: "कान लोंबतात ना, हवाच लागत नाही आत!"

यात तथ्य आहे, पण अर्धंच. आमच्याकडच्या कारवानी कुत्र्यांचेही कान पडलेलेच असतात. उलट जर्मन शेफर्डचे कान कायम ताठ, तरी ते पिकतात. पडलेल्या कानाखाली ऊब आणि ओल साठते, त्यामुळे जंतूंचं फावतं, एवढं खरं. पण मुळात आग लागते ती कातडीला. कानाची नळी म्हणजे आत वळलेली कातडीच, आणि ज्या कुत्र्याच्या कातडीला धुळीची, परागांची किंवा खाण्यातल्या एखाद्या पदार्थाची ॲलर्जी आहे, त्याची ही आतली कातडीही सुजते. ती जास्त मेण सोडते आणि एरवी तिथे गुपचूप राहणारी मॅलासेझिया नावाची बुरशी त्या मेणावर फोफावते. औषधाने बुरशी जाते, ॲलर्जी जागच्या जागी राहते. मग पुढच्या पावसाळ्यात घरचे म्हणतात, मागचं औषध बोगस होतं.

आमच्या शेजारच्या मामांच्या शेरूचं असंच चाललं होतं. कानात तपकिरी, चिकट मळ आणि आंबूस वास. लसूण घालून कोमट केलेलं खोबरेल ओतलं की तो दोन दिवस शांत व्हायचा. तेलाने खाज दबते, पण आतली ओल आणि मळ तिथेच कोंडून राहतात. मग कुणीतरी कापसाची काडी सुचवली. कुत्र्याच्या कानाची नळी आधी सरळ खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते, ठिबकच्या एल्बोसारखी. काडी त्या वळणापर्यंत मळ ढकलते आणि तिथेच ठासते. मामांना वाटायचं, काडीला लागला तेवढा मळ निघाला.

शेवटी सोलापूरच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने आधी पडदा शाबूत आहे का ते पाहिलं. पडदा फाटलेला असेल, तर काही औषधं आतल्या कानात उतरून बहिरेपणा आणू शकतात. घरात उरलेली जुनी बाटली वापरू नये, ते यासाठीच. मग मळाचा बोळा काचेवर फिरवून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बुरशीच निघाली. काडीसारखे लांबट जंतू दिसले असते, तर औषध वेगळं लागलं असतं. बाहेरून मात्र दोन्ही आजारांत कान सारखेच घाण दिसतात.

धुण्याची रीत त्यांनी करून दाखवली. कुत्र्यांच्या कानासाठी मिळणारं द्रावण थोडं कोमट करायचं, पाळी वर धरायची आणि नळी काठोकाठ भरेल इतकं ओतायचं. दोन-चार थेंबांनी काही होत नाही. मग कानाच्या बुडाशी, गालाजवळ हाताला कडक लागते ती नळी अर्धा मिनिट चोळायची. आतून पचपच आवाज आला की समजायचं, मळ सुटतोय. त्यानंतर मागे सरकून त्याला कान झाडू द्यायचे (इथे अंगावरचा शर्ट जुना असलेला बरा), आणि वर आलेली घाण बोटाला गुंडाळलेल्या कापसाने, बोट जाईल तेवढीच पुसायची. औषधाचे थेंब दहा-पंधरा मिनिटांनी, कान निथळल्यावर. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड सोललेल्या कातडीला भाजतात, ते नकोत.

चौथ्या दिवशी वास गेला आणि मामा औषध थांबवायला निघाले. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. वास बुरशी कमी झाल्यावर जातो, संपल्यावर नव्हे. सांगितलेले दिवस पुरे करून काचेवर पुन्हा तपासावं लागतं. सूज वारंवार येत राहिली, तर नळीची भिंत जाड होत जाते, भोक बुजत येतं, आणि फार उशीर झाला तर अख्खी नळी शस्त्रक्रियेने काढावी लागते.

शेरू पावसाळ्यात पायाचे पंजेही चाटायचा. त्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. डॉक्टरांनी आधी तेच विचारलं, आणि ॲलर्जी खाण्याची आहे का ते कळावं म्हणून आठ आठवडे फक्त ठरवून दिलेलं खाणं सांगितलं. चहात बुडवलेलं बिस्किटसुद्धा नाही. शेरूपेक्षा मामांनाच ते जड गेलं. आता शेततळ्यातून बाहेर आला की त्याचे कान धुतले जातात, एरवी पंधरा दिवसांनी एकदा. रोज धुतले तर कातडी भिजून पुन्हा सोलते.

कुत्रा अचानक एकाच बाजूचा कान झाडायला लागला तर मात्र द्रावण ओतायचं नाही. बांधावरचं कुसळ आत शिरलेलं असू शकतं. ते टोकाकडून पुढेच सरकतं आणि डॉक्टरांच्या चिमट्यानेच निघतं. मान एका बाजूला कलली, चालताना तोल गेला किंवा हात लावताच कळवळला, तरी तेच. झाडून झाडून पाळीतली रक्तवाहिनी फुटली, तर पाळी उशीसारखी फुगते. शेरूची अशी फुगली तेव्हा मामांना ती गाठ वाटली होती. डॉक्टरांनी आतलं रक्त काढलं आणि पुन्हा कानाच्या आतच पाहिलं, कारण खाज थांबली नाही तर पाळी परत भरते.